ऑटोमॅटिक ठेवलं आणि गावं गायब झाली: एका साखर कारखान्याच्या डॅशबोर्डचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी भागातला हा साखर कारखाना. नाव सांगत नाही, आणि माणसांची ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. ऊस हद्दीच्या दोन्ही बाजूंनी येतो, त्यामुळे गावांच्या यादीत कर्नाटकातली आणि महाराष्ट्रातली गावं शेजारीशेजारी असतात आणि मथळे कानडी आणि मराठी असे दोन्ही लागतात. मी बाहेरून टॅब्लोचं, म्हणजे डॅशबोर्ड करायच्या सॉफ्टवेअरचं, काम करून देणारा. आत ईडीपी, म्हणजे संगणक विभागात, एक तरुण मुलगा होता, रोजची देखभाल त्याच्याकडे.

हंगामाच्या तोंडावर आम्ही एक डॅशबोर्ड केला. वर मथळ्याची पट्टी, तिच्याखाली चार मोठे आकडे: आजचं गाळप, आजचा उतारा, यार्डात उभ्या गाड्या, हंगामाचं एकूण गाळप. मग फिल्टरची एक ओळ. त्याखाली गट ऑफिसच्या ४६ गावांची आडव्या पट्ट्यांची यादी, आणि शेजारी तासागणिक गाळपाचा आलेख. रंगांची सूची मी आलेखावरच तरंगती ठेवली होती. रिकामी जागा तिथेच होती आणि दिसायलाही छान दिसायची.

आकाराच्या खिडकीत टॅब्लो तीन पर्याय देतं: `Fixed size`, `Range` आणि `Automatic`. नव्या डॅशबोर्डला ते आपणहून १०००×८०० चा फिक्स्ड आकार देतं. मी तो बदलून ऑटोमॅटिक केला. कारण सरळ होतं: बघणाऱ्यांचे स्क्रीन वेगवेगळे, तेव्हा जो असेल त्यात बसेल असं काहीतरी हवं. माझ्या टेबलावरच्या १९२०×१०८० च्या मॉनिटरवर ते सुरेख बसलंही.

अडचण

मोळी टाकून गाळप सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यांचा फोन आला.

"काय ओ, तुमचं ते बघाय बसलोय, गावं दिसेनाच झाल्यात की. नुसत्या पट्ट्या आहेत. कुठल्या गावाची पट्टी कुठली, कसं कळणार?"

मी म्हटलं, लॅपटॉप जुना असेल. ते म्हणाले, "जुना कुठला? एमडी साहेबांच्या नव्यावर तर याहून वाईट दिसतंय."

मला ते खरं वाटलं नाही. जाऊन बघितलं तर अक्षरशः तसंच होतं. अधिकाऱ्यांच्या १३६६×७६८ च्या जुन्या लॅपटॉपवर निम्म्या गावांची नावं गायब होती. आजच्या गाळपाच्या आकड्याचा खालचा भाग कापलेला. रंगांची सूची सरकून सकाळच्या तासांवर बसली होती, त्यामुळे पहाटेचं गाळप दिसतच नव्हतं. एमडींच्या नव्याकोऱ्या फुल एचडी लॅपटॉपवर हेच सगळं आणखी दाटीवाटीने.

तिसरा स्क्रीन यार्डातला. वजनकाट्याजवळ ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही लावला होता, ऊसतोड टोळीवाल्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना गाड्यांचा नंबर कुठवर आला ते कळावं म्हणून. त्यावर डॅशबोर्ड काही वेळा नेहमीसारखा दिसायचा, काही वेळा मधोमध एक लांबलचक अरुंद पट्टा यायचा. त्यात वरचे दोन आकडे दिसत आणि बाकी सगळं खाली, स्क्रीनच्या बाहेर. यार्डात टीव्हीला माऊस कुणी लावणार नाही, म्हणजे जे खाली गेलं ते गेलंच. हा पट्टा कधी येतो आणि कधी येत नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आधी मोजलं

इथे मी एक गोष्ट बरी केली, की काही बदलायच्या आधी मोजून घेतलं. स्क्रीनच्या खोक्यावर लिहिलेले पिक्सेल आणि ब्राउझरला प्रत्यक्ष मिळणारे पिक्सेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजमध्ये अक्षरं मोठी दिसावीत म्हणून स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असतं. नव्या लहान लॅपटॉपवर ते बहुधा आधीपासूनच चढवलेलं असतं. १५० टक्के म्हणजे १९२०×१०८० चा स्क्रीन ब्राउझरच्या हिशेबाने १२८०×७२० उरतो. त्यातून खालची टास्कबार आणि वरच्या टॅब, पत्त्याची पट्टी वजा करायची.

टीव्हीवर डेव्हलपर टूल्स उघडता येत नाहीत, म्हणून सहा ओळींचं एक पान करून ते सगळीकडे उघडलं:

```
<meta name="viewport" content="width=device-width">
<h1 id="a"></h1>
<script>
document.getElementById("a").textContent =
  innerWidth + " x " + innerHeight + " @ " + devicePixelRatio;
</script>
```

पहिली ओळ विसरू नये. ती नसेल तर फोनचा ब्राउझर रुंदी भलतीच सांगतो.

माझ्या मॉनिटरवर उंची ९५० च्या आसपास होती. अधिकाऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर १३६६×६४१. एमडींच्या नव्यावर १२८०×५८५. म्हणजे अधिकारी बरोबर होते: महागड्या लॅपटॉपला जुन्यापेक्षा जागा कमी मिळत होती. टीव्हीवर आकडा आला ९६०×४८४, आणि पुढे `@ 2`. या टीव्हीला आम्ही फुल एचडी समजत होतो, पण ब्राउझर त्याचे दोन पिक्सेल मिळून एक धरत होता.

ऑटोमॅटिक नेमकं काय करतं

ऑटोमॅटिक म्हणजे फोटो लहान केल्यासारखं सगळं एका प्रमाणात आक्रसेल, अशी माझी समजूत होती. तशीच समजूत मी नंतर पुष्कळांच्या डोक्यात बघितली. प्रत्यक्षात खोके लहान होतात, अक्षरं होत नाहीत. अक्षरांचा आकार पॉइंटात ठरलेला असतो, खिडकी कितीही लहान झाली तरी तो तेवढाच राहतो.

एमडींच्या लॅपटॉपवर हिशेब करून बघू. ५८५ उंचीतून सर्व्हरची वरची पट्टी आणि टूलबार गेल्यावर डॅशबोर्डला ५०० च्या आसपास उरत होते. माझ्या मॉनिटरवर हीच जागा ८६५ होती. त्यात मथळा ६०, आकड्यांची पट्टी ११०, फिल्टर ५० आणि खालच्या भागाला ६४५. गावांची यादी `Entire View` वर होती, म्हणजे मिळेल त्या जागेत सगळ्या ४६ ओळी कोंबायच्या. ६४५ भागिले ४६ म्हणजे एका ओळीला १४ पिक्सेल. दहा पॉइंटच्या अक्षराला साधारण १३ लागतात. म्हणजे माझ्याकडे ते जेमतेम बसत होतं, आणि हे जेमतेमपण मला दिसलं नव्हतं.

त्याच प्रमाणात ५०० पिक्सेलमध्ये गावांच्या वाट्याला ३७३ आले, म्हणजे ओळीला ८. तेवढ्यात नाव मावत नाही, म्हणून टॅब्लो काही नावं गाळून टाकतं. आकड्यांची पट्टी ११० वरून ६४ वर आली, पण २८ पॉइंटचा आकडा आणि त्यावरचं दोन भाषांतलं नाव तेवढंच राहिलं, म्हणून आकडा कापला गेला.

तरंगत्या सूचीचं दुखणं वेगळं. चौकटीत शेजारीशेजारी बसवलेल्या वस्तू एकमेकींना धरून असतात, एक आक्रसली की शेजारची सरकते. तरंगत्या वस्तूला असा शेजार नसतो. ज्या आलेखावर मी ती ठेवली होती त्याच्याशी तिचं नातं माझ्या डोळ्यांत होतं, टॅब्लोच्या लेखी नव्हतं. ऑटोमॅटिकमध्ये तरंगत्या वस्तू वापरू नयेत हे मला माहीत होतं. तरीही वापरली.

पहिली दुरुस्ती, जी फसली

आकडा कापला जातोय म्हणून आम्ही आकड्यांची पट्टी कंटेनरमध्ये, म्हणजे वस्तू एकत्र ठेवायच्या खोक्यात, घातली आणि `Edit Height` ने तिची उंची ११० वर पक्की केली. मथळा आणि फिल्टरचंही तसंच केलं. वरचे आकडे सगळीकडे स्वच्छ दिसायला लागले आणि ईडीपीचा मुलगा खूश झाला.

पण पक्की उंची म्हणजे तेवढी जागा राखीव. ६०, ११० आणि ५० मिळून २२० आधीच गेले. ५०० तून २२० गेल्यावर गावांना २८०, म्हणजे ओळीला सहा पिक्सेल. आधी आठ होते. वरच्याला वाचवलं ते खालच्याच्या खिशातून. आता एकही नाव दिसेना.

मला वाटतं, या प्रकरणातला खरा निर्णय इथेच होता. इथवर आम्ही मांडणी कशी बसवायची हे विचारत होतो. विचारायला हवं होतं ते असं: ४६ ओळी ५०० पिक्सेलमध्ये वाचता येतात का? येत नाहीत. आकाराचा कुठलाही पर्याय निवडला तरी येणार नाहीत. मग काहीतरी स्क्रीनच्या बाहेर जाणारच, आणि ते काय असावं हे आपण ठरवायचं की टॅब्लोवर सोडायचं, एवढाच प्रश्न उरतो.

पर्याय

रेंजचा विचार बराच वेळ केला. त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकार देता येतो. खिडकी कमीत कमीच्या खाली गेली तर स्क्रोलबार येतो, जास्तीत जास्तच्या वर गेली तर कडेला रिकामी जागा. रुंदी १२४० ते १६०० आणि उंची पक्की, असं करून बघितलं. वाईट नव्हतं. पण मधल्या प्रत्येक रुंदीला आलेख वेगळा दिसतो, आणि आपण तपासतो ती दोन टोकं. दोन भाषांतले मथळे मधेच कुठल्यातरी रुंदीला दुसऱ्या ओळीवर जात होते.

दुसरा मुद्दा वेगाचा. फिक्स्ड आकारात सगळ्यांना एकच मांडणी जाते, त्यामुळे एकासाठी सर्व्हरने तयार करून ठेवलेलं दुसऱ्याला वापरता येण्याची शक्यता वाढते. ऑटोमॅटिकमध्ये आणि रेंजमध्ये जितक्या आकारांच्या खिडक्या, तितकी वेगळी मांडणी. पाळी बदलताना सगळे एकदम उघडतात आणि कारखान्याचा सर्व्हर काही मोठा नव्हता. पण फक्त यासाठी फिक्स्ड निवडलं असं म्हणणार नाही. डेटाची क्वेरीच संथ असेल तर आकार बदलून ती धावायला लागत नाही.

काय केलं: लॅपटॉप

फिक्स्ड, १२४०×१२४०.

रुंदी सगळ्यात अरुंद लॅपटॉपवरून ठरली. १२८० तून उभ्या स्क्रोलबारचे १७ आणि थोडी मोकळीक वजा केली. आडवा स्क्रोल कुठेही येऊ द्यायचा नाही, हे शेतकी अधिकाऱ्यांनीच सांगितलं होतं. "खाली जाईन, बाजूला जाणार नाही." उभा स्क्रोल त्यांना चालत होता. वजनाच्या पावत्यांची लांब यादी ते रोज तशीच बघतात.

उंची आतून बाहेर मोजली. वरचे २२०, मग तासागणिक आलेख पूर्ण रुंदीत २४०. इथवर ४६० होतात, म्हणजे एमडींच्या लॅपटॉपवर न सरकवता दिसणारा भाग संपतो. त्याच्याखाली गावांची यादी, ओळीला १६ पिक्सेल धरून ४६ गावांचे ७३६ आणि मथळ्याचे ४४, मिळून ७८०. बेरीज १२४० आली हा योगायोग. मुलगा म्हणाला, "सर, चौकोन झाला की."

रंगांची सूची आलेखाच्या वर एका ओळीत, कंटेनरमध्ये, न तरंगवता ठेवली. फिक्स्ड आकारात ती तरंगती ठेवली असती तरी हलली नसती, तो फिक्स्डचा एक फायदाच आहे. पण उद्या कुणी आकार बदलला तर पुन्हा तेच होईल, म्हणून धोका घेतला नाही.

काय केलं: टीव्ही

टीव्हीच्या लांब पट्ट्याचं कारण शोधायला दोन दिवस गेले. तो पट्टा म्हणजे आमचाच फोनचा लेआउट, फोनसाठीची वेगळी मांडणी, होता. नवा डॅशबोर्ड केला की टॅब्लो आपणहून फोनचा लेआउट जोडतं, मेनूत `Add Phone Layouts to New Dashboards` चालू असेल तर. बघणारा फोनवर आहे की नाही हे ते यंत्राचं नाव बघून ठरवत नाही. ज्या चौकटीत डॅशबोर्ड दिसतो तिची लहान बाजू मोजतं. ती ५०० किंवा त्याहून कमी असेल तर फोन, ५०१ ते ८०० असेल तर टॅबलेट, त्याच्या वर डेस्कटॉप.

टीव्हीची पूर्ण उंची ब्राउझरच्या हिशेबाने ५४०. पूर्ण स्क्रीनवर उघडला तर तो टॅबलेट ठरायचा, आणि टॅबलेटचा वेगळा लेआउट नसल्याने नेहमीचाच दिसायचा. यार्डातली लाइट जाऊन आली की ब्राउझर पत्त्याच्या पट्टीसह उघडायचा, उंची ४८४ व्हायची आणि ४३ इंची टीव्ही टॅब्लोच्या लेखी फोन व्हायचा. कधी येतो आणि कधी नाही याचं उत्तर लाइटमध्ये होतं.

खात्री करायला पत्त्याच्या शेवटी डिव्हाइस सांगून बघितलं:

```
https://server/views/CaneSeason/Main?:embed=y&:toolbar=no&:device=desktop
```

पट्टा गेला. म्हणजे निदान बरोबर होतं. पण आता १२४० चा चौकोन ९६० च्या टीव्हीवर स्क्रोलबारसह आला, जो कुणी सरकवणार नाही. म्हणून यार्डासाठी वेगळाच डॅशबोर्ड केला, फिक्स्ड ९४०×४७०. त्यात चारच गोष्टी: चालू नंबर, उभ्या गाड्या, मागच्या तासाचं गाळप आणि एक सूचनेची ओळ. ४७० कारण पत्त्याची पट्टी आली तरी ४८४ मध्ये ते मावतं. या डॅशबोर्डचा फोन लेआउट काढूनच टाकला. तो नसेल तर दाखवायला नेहमीचाच उरतो, पत्त्यात डिव्हाइस लिहायची गरज राहत नाही.

टीव्हीवर मराठी मथळे पुन्हा दोन ओळींवर गेले, कारण लॅपटॉपवरचा देवनागरी फॉन्ट टीव्हीत नव्हता आणि बदली आलेला फॉन्ट रुंद होता. मथळ्याच्या खोक्याला पंचवीस टक्के जादा रुंदी दिली.

काय केलं: फोन

गटावरची माणसं फोनवरच बघतात. त्यांच्यासाठी मुख्य डॅशबोर्डचा फोन लेआउट ठेवला, पण आपोआप झालेला नाही. आपोआप होताना वस्तू एकाखाली एक रचल्या जातात आणि त्यांचा क्रम टॅब्लोच ठरवतं. त्यात फिल्टर आधी आणि आकडे खाली गेले होते. क्रम हाताने लावला आणि तासागणिक आलेख काढून टाकला.

दोन गोष्टी इथे अडतात. फोन लेआउटमध्ये फक्त मुख्य लेआउटमधल्याच वस्तू ठेवता येतात, नवीन काही आणता येत नाही. आणि एकदा हाताने बदलला की मुख्य लेआउटमध्ये पुढे काही वाढवलं तर ते फोनवर आपोआप येत नाही. जानेवारीत उताऱ्याचा एक नवा तक्ता घातला, तो गटावरच्या माणसांना तीन आठवडे दिसलाच नाही. कुणी तक्रार केली नाही, कारण तो आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

पुढे काय झालं

गावांच्या नावांबद्दलचे फोन थांबले. टीव्हीवरचा पट्टा पुन्हा आला नाही. ईडीपीचा मुलगा आता कुठलाही नवा स्क्रीन आला की आधी ते सहा ओळींचं पान उघडतो.

एमडींच्या केबिनमध्ये नंतर मोठा मॉनिटर आला. त्यावर डॅशबोर्डच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा राहते. "हे अर्धं का भरलंय?" असं त्यांनी विचारलं. रेंज ठेवलं असतं तर हा प्रश्न आला नसता, हे मान्य. एका माणसासाठी बाकीच्यांची मांडणी पुन्हा हलवायची का, यावर आम्ही बोललो आणि नाही ठरवलं. त्यांना ब्राउझरचा झूम १५० करून दिला.

आज करायचं तर

पहिल्याच दिवशी चारही ठिकाणचे आकडे लिहून घेईन. माझ्या मॉनिटरवर एकही निर्णय घेणार नाही. टीव्हीला मुख्य डॅशबोर्ड दाखवायचा प्रयत्नच करणार नाही, त्याचं काम वेगळं आहे. फोन लेआउट हाताने बदलला असेल तर मुख्य लेआउटमधल्या प्रत्येक बदलानंतर `Device Preview` मध्ये फोन बघायचा, हे कामाच्या यादीत लिहूनच ठेवीन.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ७८० ची उंची ४६ गावांसाठी मोजली होती. दुसऱ्या हंगामात नोंदीची गावं ५१ झाली, आणि ५१ गुणिले १६ म्हणजे ८१६, शिवाय मथळ्याचे ४४. यादीच्या आत छोटा स्क्रोलबार आला आणि शेवटची गावं त्यात दडली. उंची वाढवून १३२० केली. गावं दर हंगामाला बदलतात, फिक्स्ड आकाराला ते कळत नाही. म्हणून मोळी टाकायच्या आधीच्या आठवड्यात मुलाने एक काम धरलंय: नोंदीची गावं मोजायची, सोळाने गुणायचं आणि चव्वेचाळीस मिळवायचे.